मल्याळम सिनेमा: सुरुवात ‘दृश्यम’पासूनच करा

‘मल्याळम सिनेमे बघ’ असा आग्रह धरणारा एक तरी मित्र हल्ली प्रत्येकाला असतो. तो एका दमात पंधरा नावं सांगतो आणि त्याच्या लेखी सगळीच भारी असतात. भाषा येत नसेल तर त्याला एवढंच विचारावं, की यातलं किती नुसतं बघून कळतं आणि किती वाचावं लागतं?

या हिशेबाने पहिला मान जीतू जोसेफ यांच्या ‘दृश्यम’ला (2013). निशिकांत कामत यांनी 2015 साली गोव्यात आणलेली हिंदी आवृत्ती आपल्याकडे अनेकांनी पाहिली आहे. रहस्य आधीच माहीत आहे, हा इथे फायदाच. सबटायटलमागे धावताना कथेचा धागा सुटत नाही आणि मोहनलालचा चेहरा निवांत बघता येतो. त्याचा जॉर्जकुट्टी केबलचा धंदा करतो, रात्र रात्र ऑफिसात सिनेमे बघत बसतो, पैशाला चिकट आहे. पूर्वार्ध रेंगाळतो म्हणून कंटाळू नका. पोलिसांच्या चौकशीला हे कुटुंब कसं पुरून उरतं, त्याची तयारी याच रेंगाळण्यात झालेली असते.

मग कौटुंबिक काही हवं असेल तर ‘कुंबळंगी नाइट्स’ (2019). कोचीजवळच्या गावातले चार भाऊ आणि शेजारच्या घरातला टापटीप जावई शम्मी. फहाद फासिलने केलेला हा शम्मी आरशासमोर मिशी नीट करतो, आरशाला चिकटलेली टिकली वस्तऱ्याने खरवडतो आणि पाण्यात सोडून देतो. या माणसाच्या घरातल्या बायकांचं काय होत असेल, ते कळायला सबटायटल लागत नाही.

मात्र याच सिनेमात भाऊ भांडायला लागले की सगळे एकदम बोलतात आणि खाली एकाचंच वाक्य उमटतं. ते बहुधा इंग्रजीत असतं आणि वाचून होईपर्यंत निघून जातं. अशा वेळी सरळ मागे जाऊन प्रसंग पुन्हा बघावा. हिंदी डबिंग मिळालं तरी माझं मत सबटायटलकडेच. डबिंगमध्ये नटाचा आवाज जातो आणि या सिनेमांचा निम्मा अभिनय आवाजात असतो.

‘तोंडिमुतलुम दृक्साक्षियुम’ (2017) मात्र घाईने लावू नका. दक्षिणेकडचं एक जोडपं उत्तर टोकाच्या कासरगोडला येतं, बसमध्ये सोनसाखळी चोरीला जाते, चोर ती गिळून टाकतो. पुढचा बराचसा सिनेमा पोलीस ठाण्यातल्या बोलण्यावर चालतो. कोण कुठल्या भागातलं मल्याळम बोलतंय, ते सबटायटलमध्ये उतरत नाही. चार-पाच सिनेमे पाहून कान थोडा तयार झाला की मग तो लावा, आणि शक्यतो मल्याळम जाणणाऱ्या कुणाला शेजारी बसवून.