पन्नाशीतला रेझ्युमे

पन्नाशी ओलांडलेल्या उमेदवाराचे वय जन्मतारखेची ओळ खोडल्याने लपत नाही. ते इतर ओळींतून दिसतच राहते. १९९१ सालचा डिप्लोमा, 'एमएस ऑफिस व इंटरनेटचे ज्ञान', 'तीस वर्षांहून अधिक अनुभव', शेवटी वडिलांचे नाव, 'विवाहित' आणि 'वरील माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे' असे प्रतिज्ञापत्र. यातली एकही ओळ खोटी नसते. पण चाळणी करणारा माणूस रेझ्युमेवरून काही सेकंदच नजर फिरवतो, आणि तेवढ्यात या ओळी त्याला एवढेच सांगतात, की हा कागद बऱ्याच वर्षांपूर्वी तयार झाला आणि नंतर त्याला फक्त तळाशी जोड मिळत गेली.

वयामुळे डावलले जाणे ही केवळ उमेदवारांची समजूत नाही. अमेरिकेत डेव्हिड न्यूमार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी चाळीस हजारांहून अधिक काल्पनिक अर्ज खऱ्या जाहिरातींना पाठवले. अर्जदारांचे वय तिशीच्या, पन्नाशीच्या आणि पासष्टीच्या आसपासचे दाखवले होते. कार्यालयीन साहाय्यकाच्या जागांसाठी सर्वांत वयस्क स्त्रियांना आलेली बोलावणी तरुण स्त्रियांच्या जवळपास निम्मी होती. तिथे चाळिशीपुढच्यांना वयाच्या भेदभावापासून संरक्षण देणारा कायदा १९६७ पासून आहे. भारतात खासगी नोकरीसाठी तसा सर्वसाधारण कायदा नाही. राज्यघटनेच्या १५व्या आणि १६व्या अनुच्छेदांत भेदभावाची जी कारणे नावे घेऊन दिली आहेत, त्यांत वय नाही. त्यामुळे इथल्या उमेदवाराच्या हातात उरतो तो मुख्यतः कागद.

चाळणी करणाऱ्याच्या मनातल्या शंका साधारण तीन असतात: हा माणूस महाग पडेल, याचे ज्ञान जुने झाले असेल, आणि आपल्याहून लहान साहेबाचे हा ऐकणार नाही. शिवाय अनेक कारखान्यांत निवृत्तीचे वय ५८ किंवा ६० असते, त्यामुळे ५४ वर्षांचा माणूस घेताना किती वर्षे मिळतील याचाही हिशेब होतो. रेझ्युमे या सगळ्यांना उत्तर देऊ शकत नाही. दुसऱ्या शंकेला मात्र तो चोख उत्तर देऊ शकतो, आणि फोन येण्यासाठी बहुतेक वेळा तेवढे पुरते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. पुणे परिसरातल्या ऑटो कंपोनंट उद्योगातला ५४ वर्षांचा क्वालिटी मॅनेजर. १९९१ मध्ये मेकॅनिकल डिप्लोमा, मग भोसरीतल्या फोर्जिंग वर्कशॉपमध्ये इन्स्पेक्टर, १९९८ पासून चिंचवडच्या कारखान्यात क्वालिटी इंजिनिअर, २००९ ते २०१७ चाकणला आणि त्यानंतर रांजणगावला. शेवटच्या दोन्ही ठिकाणी काम गीअर आणि शाफ्टच्या मशीनिंगचे. आता प्लँट दुसऱ्या राज्यात जातो आहे आणि त्याला पुणे सोडायचे नाही. जाहिरात आहे मशीनिंगच्या पुरवठादाराकडे क्वालिटी मॅनेजरची, अनुभव १२ ते १८ वर्षे.

त्याचा जुना रेझ्युमे चार पानांचा आहे आणि तो उलट्या तोलाचा आहे. भोसरीच्या सात वर्षांना पाऊण पान मिळाले आहे: व्हर्नियर, मायक्रोमीटर, गेज कॅलिब्रेशन, आवक मालाची तपासणी. चिंचवडला पूर्ण पान. रांजणगावला, म्हणजे ज्या कामाच्या जोरावर ही नोकरी मिळायची, त्याला सहा ओळी. असे का होते ते समजण्यासारखे आहे. पहिल्या नोकरीच्या वेळी माणूस रेझ्युमे मन लावून लिहितो; पुढे प्रत्येक बदलाच्या वेळी घाईत वर चार ओळी चिकटवतो.

म्हणून पहिले काम काटछाट नव्हे, तोल उलटवणे. नवा रेझ्युमे दोन पानांचा. रांजणगावला पहिल्या पानाचा बहुतेक भाग, चाकणला दुसऱ्या पानाचा वरचा अर्धा. २००९ पूर्वीचे सगळे 'पूर्वीचा अनुभव' या मथळ्याखाली दोन ओळींत: पद, कारखान्याचे नाव, कामाचे क्षेत्र; साल नाही. ढोबळमानाने मागची दहा ते पंधरा वर्षे तपशिलाने आणि त्याआधीची ओझरती, असा रिवाज आहे. पण तो डोळे झाकून पाळायचा नसतो. समजा जाहिरातीत फोर्जिंगचे ज्ञान मागितले असते, तर भोसरीची सात वर्षे अचानक मोलाची ठरली असती. मग त्या दोन ओळींच्या चार करून, फोर्जिंगमधले कोणते दोष तो हाताळत होता ते लिहावे. साल तरीही नकोच. डिप्लोमाचेही साल गाळायचे. मात्र २०२३ मध्ये केलेल्या प्रोसेस ऑडिटच्या कोर्सचे साल ठळक ठेवायचे.

वरची पहिली ओळ फार महत्त्वाची. जुन्या कागदावर होते: 'चौतीस वर्षांचा अनुभव असलेला मेहनती, प्रामाणिक व्यावसायिक, आव्हानात्मक संधीच्या शोधात'. नव्या कागदावर: 'क्वालिटी मॅनेजर. गेली सोळा वर्षे गीअर आणि शाफ्टच्या मशीनिंगची क्वालिटी, सध्या तीन लाइन आणि अठरा जणांची टीम'. सोळा हा आकडा खरा आहे, आणि बारा ते अठरा मागणाऱ्याला तो आपल्या चौकटीतला दिसतो. चौतीसचा आकडा त्या चौकटीबाहेर पडतो.

आता दुसरे काम: ज्ञान आजचे आहे हे दाखवणे. प्रत्येक क्षेत्रात काही शब्द तारखेच्या शिक्क्यासारखे असतात. लेखा विभागात व्हॅट आणि सी-फॉर्मची पानभर माहिती असली आणि जीएसटीचा एकच उल्लेख असला, तर वाचणारा २०१७ च्या अलीकडे येतच नाही. क्वालिटीत तसा शिक्का 'आयएसओ ९००२'चा; ते मानक २००० साली आयएसओ ९००१ मध्ये विलीन झाले. 'टीएस १६९४९'च्या जागी २०१६ मध्ये आयएटीएफ १६९४९ आले, तरी जुने नाव अजून अनेकांच्या रेझ्युमेत तळ ठोकून आहे. माणूस नव्या मानकाप्रमाणे रोज काम करत असतो, फक्त कागदावर नाव बदललेले नसते.

त्याहून बारीक शिक्का एफएमईएचा. उत्पादनात काय बिघडू शकते याचा आधीच विचार करून ठेवण्याची ही पद्धत. जुन्या रीतीत बिघाडाची तीव्रता, तो घडण्याची शक्यता आणि पकडला जाण्याची शक्यता यांना प्रत्येकी एक ते दहा गुण देऊन गुणाकार करत. त्या आकड्याला आरपीएन म्हणतात. २०१९ मध्ये अमेरिकन आणि जर्मन वाहन उद्योग संघटनांनी एकत्र हस्तपुस्तिका काढली. तिच्यात आरपीएन काढून टाकला आणि उपाययोजनेची निकड उच्च, मध्यम, कमी अशी ठरवायची रीत आणली. काही ग्राहक जुनी पद्धत अजून चालवून घेतात, हे खरे. पण रेझ्युमेत 'सर्व आरपीएन १०० च्या खाली आणले' एवढेच असेल, तर जाणकार वाचकाला त्यातून कर्तबगारीपेक्षा साल जास्त दिसते. त्याच माणसाने 'तीन लाइनींचे एफएमईए २०१९ च्या पद्धतीत बदलून घेतले, टीमला प्रशिक्षण दिले' असे लिहिले, तर वयाचा विचार मागे पडतो.

कौशल्यांची यादी मात्र यात फारशी उपयोगी नसते. 'पॉवर बीआय, मिनिटॅब, सॅप' ही नावे कोणीही लिहू शकतो, आणि पन्नाशीतल्या माणसाने लिहिली की ती शंकेनेच वाचली जातात. साधन कामाच्या वाक्यात बसवावे: 'शिफ्टनिहाय रिजेक्शनचा पॉवर बीआय डॅशबोर्ड स्वतः तयार केला; बोअरचे रिजेक्शन नऊ महिन्यांत १.८ वरून ०.७ टक्क्यांवर आले'. 'स्वतः' या एका शब्दाने मोठा साहेब हाताने काम करत नाही हा समजही परस्पर दूर होतो. अर्थात ते खरोखर स्वतः केलेले असले पाहिजे, कारण मुलाखतीत पुढचा प्रश्न त्यावरच येतो. हाताखालच्या पोराने केले असेल, तर 'करवून घेतले' म्हणावे.

वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, छंद आणि प्रतिज्ञापत्र सरळ काढावे. बायोडेटा हा शब्द आपल्याकडे नोकरीला आणि लग्नाला एकच आहे, त्याचा हा परिणाम असावा. नव्या धाटणीचे रंगीत, दोन रकान्यांचे साचे तरुण दिसण्यासाठी घेतले जातात, पण अर्ज वाचणारी सॉफ्टवेअर त्यांतला मजकूर कधीकधी सरमिसळ करतात. फाइलमधला मजकूर नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावा. तिथे क्रम बिघडला, तर सॉफ्टवेअरमध्येही तो बिघडण्याची शक्यता धरावी.

काटछाटीची एक चूक मात्र महागात पडते. वय लपवण्याच्या भरात सगळीच साले गाळून फक्त कौशल्यांचे रकाने उरवले, तर वाचणाऱ्याला वाटते की मध्ये खंड आहे किंवा काही दडवले आहे. मागच्या पंधरा वर्षांची साले, जमल्यास महिन्यांसह, असलीच पाहिजेत. नोकरीच्या पोर्टलवर एकूण अनुभवाचा आणि कंपनीच्या फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना असतो. तिथे खरेच भरायचे. रेझ्युमे हे निवडलेल्या कामांचे वर्णन असते, फॉर्म ही माहिती असते. भविष्यनिर्वाह निधीच्या यूएएन खात्यावर नोकऱ्यांचा इतिहास दिसतो आणि रुजू होण्याआधी तो तपासणाऱ्या कंपन्या आहेत. पद खाली उतरवून लिहिणेही तसेच धोक्याचे. जनरल मॅनेजर असलेल्याने मॅनेजरच्या जागेसाठी अर्ज करताना पद तेच ठेवावे आणि वर्णनात प्रत्यक्ष केलेले काम पुढे आणावे.

बदल लागू पडला की नाही, हे फोन कुठे थांबतात त्यावरून कळते. जाहिरातीशी जुळणारे वीस-पंचवीस अर्ज करूनही फोनच येत नसेल, तर दोष बहुधा पहिल्या अर्ध्या पानात आहे. जाहिरातीतले शब्द तिथे आहेत का ते ताडून पाहावे. फोन येतात पण पगाराच्या प्रश्नावर संपतात, तेव्हा रेझ्युमेला हात लावून उपयोग नाही. किती कमी चालेल याचे उत्तर आधी ठरवावे लागते. आणि मुलाखत चांगली होऊन जन्मतारीख भरल्यावर शांतता पसरली, तर ती काटछाटीने भरून निघणारी गोष्ट नव्हे. अशा वेळी त्याच दोन पानांचा उपयोग निवृत्तीचे वय आड न येणाऱ्या करारावरच्या कामासाठी, म्हणजे पुरवठादारांच्या ऑडिटसाठी किंवा नव्या प्लँटच्या सर्टिफिकेशनसाठी, करता येतो. फक्त वरची ओळ बदलावी लागते, आणि तिथे चौतीस वर्षांचा आकडा परत आणायला हरकत नसते.