नावावरून भूमिका ओळखता येत नाही: एमआयएस, डीएसएस आणि ईआरपी

वाणिज्य, व्यवस्थापन आणि संगणक या शाखांच्या बहुपर्यायी परीक्षांत माहिती प्रणालींवरचे प्रश्न ठरलेल्या साच्यात येतात. कारखान्यातील किंवा कार्यालयातील एखादा प्रसंग दोन ओळींत दिलेला असतो आणि तेथे कोणती प्रणाली काम करीत आहे हे ओळखायचे असते. एमआयएस म्हणजे व्यवस्थापन माहिती प्रणाली, डीएसएस म्हणजे निर्णय-साहाय्य प्रणाली आणि ईआरपी म्हणजे उद्योग-संसाधन नियोजन, हे अर्थ पाठ असलेला विद्यार्थीही अशा प्रश्नांत चुकतो. कारण या तिन्ही नावांचा शब्दशः अर्थ त्या प्रणालीच्या खऱ्या कामापासून दूर नेणारा आहे.

सर्वांत जास्त फसवणूक ईआरपीच्या नावातील ‘नियोजन’ या शब्दाने होते. नियोजन म्हटले की ते वरिष्ठांचे काम, म्हणून ईआरपी ही धोरण ठरविणाऱ्यांची प्रणाली, असा तर्क लावला जातो. वस्तुस्थिती अशी, की हा शब्द वारशाने आलेला आहे. १९६० च्या दशकात अमेरिकेतील कारखान्यांत ‘एमआरपी’ म्हणजे सामग्री-गरज नियोजन ही पद्धत रूढ होऊ लागली. तयार करायच्या मालाची संख्या आणि त्याच्या सुट्या भागांची यादी यांवरून कोणता कच्चा माल कधी व किती लागेल याचा हिशेब ती मांडत असे. जोसेफ ऑर्लिकी यांनी तिच्यावर १९७५ मध्ये ग्रंथ लिहिला, पुढे तिच्यात यंत्रक्षमता आणि खर्चाचे हिशेब जोडले गेले, आणि १९९० मध्ये गार्टनर या संशोधन संस्थेने या विस्तारलेल्या रूपाला ‘ईआरपी’ हे नाव दिले. नावात ‘नियोजन’ राहिले, पण प्रणालीचा गाभा झाला तो सर्व विभागांना मिळून असलेला एकच डेटाबेस. विक्री विभागाने मागणी नोंदविली की तीच नोंद गोदामाला, उत्पादनाला आणि लेखा विभागाला दिसते, ती पुन्हा लिहावी लागत नाही. प्रश्नात ‘विभागांचे एकत्रीकरण’, ‘सामाईक डेटाबेस’ किंवा ‘एकदाच नोंद’ असे शब्द आले, तर ईआरपी हा पर्याय जवळजवळ निश्चित मानावा.

एमआयएसबाबतचा घोटाळा निराळा आहे, कारण हे नाव दोन अर्थांनी वापरले जाते. व्यापक अर्थाने ते संपूर्ण विद्याशाखेचे नाव आहे आणि त्या अर्थाने डीएसएस व ईआरपी हे दोन्ही तिचेच भाग ठरतात. संकुचित अर्थाने मात्र एमआयएस म्हणजे झालेल्या व्यवहारांच्या नोंदी गोळा करून ठरावीक नमुन्यात, ठरावीक काळाने अहवाल देणारी प्रणाली होय. परीक्षेत हे तिन्ही पर्याय शेजारी-शेजारी छापलेले असतील, तर संकुचित अर्थच अभिप्रेत असतो. या अर्थाने एमआयएसची खूण अशी, की व्यवस्थापकाचा प्रश्न आधीच माहीत असतो. ‘या महिन्यात कोणत्या विभागाचा खर्च अंदाजपत्रकापेक्षा जास्त झाला’ हा प्रश्न दर महिन्याला तोच राहतो, बदलते ते फक्त उत्तर.

डीएसएसविषयी मात्र थोडे थांबून विचार करावा लागतो. अनेक मार्गदर्शक पुस्तकांत एक त्रिकोण काढलेला असतो. त्याच्या तळाशी व्यवहार-नोंदणी, त्यावर एमआयएस, त्याच्या वर डीएसएस अशी उतरंड असते. त्यावरून विद्यार्थी असे समजतो, की डीएसएस वापरणारा नेहमी वरच्या हुद्द्यावरचा असतो. गॉरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये जी मांडणी केली, आणि जिच्यातून डीएसएस ही संज्ञा रुजली, ती त्रिकोणाची नसून तक्त्याची आहे. तक्त्याच्या एका बाजूला दैनंदिन नियंत्रण, व्यवस्थापकीय नियंत्रण आणि धोरण-नियोजन हे स्तर आहेत. दुसऱ्या बाजूला निर्णयाचा प्रकार आहे: नियमाने सुटणारा तो सुरचित, अंशतः नियमाने आणि अंशतः माणसाच्या समजुतीने सुटणारा तो अर्धसुरचित, आणि ज्याला नियमच नाही तो असुरचित. त्यांच्या तक्त्यात गोदाम कोठे बांधावे हा धोरणाच्या स्तरावरचा निर्णय सुरचित गटात आहे, तर उत्पादनाचे वेळापत्रक हा दैनंदिन निर्णय अर्धसुरचित गटात. डीएसएसची जागा अर्धसुरचित आणि असुरचित निर्णयांजवळ आहे; हुद्द्याशी तिचा थेट संबंध नाही.

हा फरक पोलादाचे सुटे भाग बनविणाऱ्या एका कल्पित कारखान्याच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. तेथे एका विशिष्ट बेअरिंगचे दररोज ४० नग लागतात, मागविलेला माल ६ दिवसांनी पोचतो आणि ६० नगांचा राखीव साठा ठेवला जातो, असे समजू. चाळीस गुणिले सहा म्हणजे २४०, त्यात ६० मिळवून ३०० ही फेरमागणीची पातळी ठरते. साठा तेथवर उतरला की ईआरपी आपोआप खरेदीची मागणी तयार करते. येथे ‘निर्णय’ हा शब्द वापरता आला, तरी तो सुरचित असल्यामुळे उत्तर डीएसएस नव्हे. परीक्षेतील अनेक चुका नेमक्या याच ठिकाणी होतात.

त्याच कारखान्याला दरमहा १०,००० किलो पोलाद लागते, सध्याचा भाव किलोला ६० रुपये आहे आणि तो पुढच्या महिन्यापासून वाढण्याची चर्चा आहे. पुढील दोन महिन्यांचे २०,००० किलो आजच घेऊन ठेवावे काय? अडकलेल्या रकमेचे व्याज आणि गोदामाचा खर्च मिळून महिन्याला दीड टक्का धरला, तर पहिले १०,००० किलो एक महिना ठेवण्यास ९,००० आणि दुसरे १०,००० किलो दोन महिने ठेवण्यास १८,००० असा एकूण २७,००० रुपये खर्च येतो. भाव ६ रुपयांनी वाढून तेथेच राहिला, तर १,२०,००० रुपये वाचतात आणि निव्वळ लाभ ९३,००० होतो. उलट तो ३ रुपयांनी उतरला, तर एकूण तोटा ८७,००० होतो. गृहीतक बदलून परिणाम पाहण्याच्या या पद्धतीला ‘व्हॉट-इफ विश्लेषण’ म्हणतात. परिणाम आधी ठरवून त्यासाठी लागणारे गृहीतक शोधणे हे ‘गोल सीकिंग’. येथे ना नफा ना तोटा होण्यासाठी भाव किती वाढावा असे विचारले, तर उत्तर किलोमागे १ रुपया ३५ पैसे येते. डीएसएसचे काम येथे संपते. भाव खरोखर तेवढा वाढेल काय, हे खरेदी अधिकाऱ्याला बाजाराच्या अनुभवावरून ठरवावे लागते. म्हणून ‘डीएसएस व्यवस्थापकाच्या जागी निर्णय घेते’ हे विधान चूक समजावे.

प्रत्यक्ष कार्यालयांत या सीमा इतक्या रेखीव नसतात. ईआरपीच्याच पॅकेजमध्ये अहवालांचे आणि विश्लेषणाचे मॉड्यूल असते, आणि वरील पोलादाचा हिशेब साध्या स्प्रेडशीटवरही होतो. स्प्रेडशीट एरवी केवळ आकडेमोडीचे साधन असले, तरी असा प्रश्न सोडविताना ते डीएसएसची भूमिका बजावते. त्यामुळे प्रसंगात सॉफ्टवेअर कोणते आहे यापेक्षा त्याच्याकडून कोणते काम घेतले जात आहे हे पाहिले पाहिजे. समजा, प्रश्न असा आहे: ‘कंपनीच्या ईआरपीमधून दर सोमवारी, अंदाजपत्रकापेक्षा १० टक्क्यांहून अधिक खर्च झालेल्या विभागांचीच यादी विभागप्रमुखांना मिळते, हे कोणत्या प्रणालीचे कार्य आहे?’ ईआरपी हा शब्द प्रश्नातच आल्यामुळे तो पर्याय मोह पाडतो, आणि यादी पाहून प्रमुख काहीतरी ठरवतील म्हणून डीएसएसही बरोबर वाटते. परंतु यादीचा नमुना आणि तिची वेळ ठरलेली आहे, कोणतेही गृहीतक बदलून पाहिलेले नाही आणि मर्यादेबाहेर गेलेल्या बाबीच तेवढ्या दाखविल्या आहेत. अशा यादीला अपवाद-अहवाल म्हणतात आणि तो एमआयएसचा ठरलेला अहवाल-प्रकार आहे.