बनगरवाडी: गोष्ट कमी, गाव जास्त

आमच्या टीवायच्या वर्गात ‘बनगरवाडी’ बहुतेकांनी गाइडमधून वाचली. गाइडमध्ये कथानक दीड पानात उरकतं आणि वाचणाऱ्याला वाटतं, एवढंच होतं का? खरंच, घटनांची यादी काढली तर हातात फारसं काही लागत नाही. तरीही व्यंकटेश माडगूळकरांची ही 1955 सालची छोटी कादंबरी मला अभ्यासक्रमातलं सगळ्यात चांगलं पुस्तक वाटते.

औंध संस्थानातल्या एका धनगरवस्तीवर कोवळ्या वयाचा मास्तर शाळा चालवायला येतो. पोरं मेंढरांमागे रानात, शाळा रिकामी. कारभाऱ्याचा शब्द गावात चालतो, तेव्हा आधी त्याला राजी करायचं. पुढे मास्तर गावाला हाताशी धरून एक मोठं काम काढतो. ते तडीला जातं का, हे मी सांगणार नाही. खरी उत्सुकता दुसरीच असते: हा उपरा पोरगा या माणसांना आपला वाटेल का?

माडगूळकर चित्रंही काढत, आणि ते पानोपानी जाणवतं. सुरुवातीलाच मास्तर अंधारात एकटा चालत वाडीकडे निघतो. उजाडत जाईल तसं माळरान दिसू लागतं, आणि त्याची धाकधूक वेगळी सांगावी लागत नाही. माणसंही अशीच येतात. आनंदा रामोशी बघा. तो भुरट्या चोऱ्या करतो, पण लेखक त्याला ना दटावतो, ना त्याची कीव करतो. दोन-तीन प्रसंगांत तो असा उभा राहतो की पुढे त्याचं नाव आलं की आपण सावरून बसतो. निवेदक मास्तर स्वतः सरळ, थोडा बुजरा आहे. तो शहाणपण शिकवत नाही म्हणूनच त्याच्यावर विश्वास बसतो. हे लिहिताना माडगूळकरांनी तिशीही गाठली नव्हती, याचा मला (खरं सांगायचं तर) हेवा वाटतो.

खटकलं ते बायकांच्या बाबतीत. कारभाऱ्याची अंजी लक्षात राहते, पण तिच्या मनात काय चाललंय ते कळतच नाही. निवेदक पुरुष आहे, त्याला दिसेल तेवढंच येणार, हे समजतं. तरी वाडीतल्या निम्म्या माणसांचं जगणं दारातूनच पाहिल्यासारखं वाटतं. मधल्या भागातले काही प्रसंग इकडचे तिकडे केले तरी बिघडणार नाही, इतके सुटे आहेत. वेगवान गोष्टीची सवय असलेल्याला तिथे कंटाळा येईल.

बोलीची धास्ती मात्र नको. निवेदन साध्या मराठीत आहे, माणदेशी ठसका येतो तो संवादांत, आणि दहा-पंधरा पानांत कान सरावतो. अमोल पालेकरांनी 1995 मध्ये यावर सिनेमा केला आहे. तो जरूर पाहा, पण पुस्तकानंतर. आधी पाहिलात तर कारभाऱ्याला पडद्यावरचाच चेहरा चिकटतो, आणि वाडीचा शेवटही आधीच कळून बसतो.