जुन्या प्रश्नाचं सोडवलेलं उत्तर तपासायचं कसं? अचानक रुंद झालेल्या बॉक्सची गोष्ट

नेट, सेट, गेट किंवा पीएचडी प्रवेशाची तयारी करताना आपण सगळेच जुन्या पेपरांच्या सोडवलेल्या उत्तरांवर विसंबतो. मीही विसंबलो होतो. हाताने लिहिलेल्या नोट्सची झेरॉक्स, तीही तिसऱ्या पिढीची. त्यातलं एक उत्तर मी तीन वेळा वाचलं, पटलं, पाठ झालं, आणि पीएचडीच्या मुलाखतीत फळ्यासमोर उभं असताना त्यानेच मला गोत्यात आणलं. आज तोच प्रश्न घेऊ. क्वांटम मेकॅनिक्सचा पहिला पेपर झालेल्या कुणालाही तो समजेल.

प्रश्न असा आहे. L रुंदीच्या, अनंत उंच भिंतींच्या बॉक्समध्ये एक कण ग्राउंड स्टेटमध्ये आहे. उजवी भिंत अचानक सरकवली आणि बॉक्स 2L रुंद झाला. लगेच ऊर्जा मोजली, तर कण नव्या बॉक्सच्या n = 2 या स्टेटमध्ये सापडण्याची संभाव्यता किती?

नोट्समधली सुरुवात अगदी बरोबर होती. भिंत अचानक सरकली म्हणजे वेव्ह फंक्शनला बदलायला वेळच मिळाला नाही. ते आहे तसंच राहिलं: 0 ते L मध्ये जुनी साइनची कमान, आणि L ते 2L मध्ये शून्य. आता हे फंक्शन नव्या बॉक्सच्या स्टेट्समध्ये मांडायचं.

```
ψ(x)  = √(2/L) sin(πx/L)      (0 < x < L, पुढे 0)
φn(x) = √(1/L) sin(nπx/2L)    (0 < x < 2L)

cn = ∫ φn ψ dx = 4√2 sin(nπ/2) / [π(4 − n²)]
```

हे इंटिग्रल तुम्ही स्वतः करून बघा, दोन साइनच्या गुणाकाराचं सूत्र वापरलं की चार ओळींत होतं. त्यानंतर नोट्समध्ये शेवटचं वाक्य होतं: «n सम असेल तर sin(nπ/2) शून्य, म्हणून सर्व सम स्टेट्सची संभाव्यता शून्य. उत्तर: 0.»

वाचताना कुठेही अडखळायला होत नाही. खरी अडचण तीच आहे. आपण ओळीमागून ओळ वाचतो तेव्हा लिहिणाऱ्याच्याच वाटेने चालतो, आणि तो जिथे घसरला तिथे आपणही घसरतो.

मुलाखतीत मी हेच उत्तर ऐटीत लिहिलं. समितीतल्या एका मॅडमनी शांतपणे विचारलं, «भिंत सरकल्यावर ऊर्जेची सरासरी किती?» मी म्हणालो, «पूर्वीइतकीच, E1.» हे बरोबर होतं. भिंत निघून गेली, तिने कणाला ढकललं नाही की ओढलं नाही. «मग तुमच्या या आकड्यांतून E1 येते का?» मी खडू हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

त्यांचा प्रश्न म्हणजे थिअरीने केलेली तपासणी होती. तीच आपण सावकाश करू, पण आधी त्याहून सोपी एक करू.

कण कुठल्या ना कुठल्या स्टेटमध्ये सापडणारच, म्हणून सगळ्या संभाव्यतांची बेरीज १ भरली पाहिजे. वरच्या सूत्रावरून n = 1 साठी 32/9π², म्हणजे ०.३६०३. n = 3 साठी 32/25π², म्हणजे ०.१२९७. n = 5 साठी ०.००७४, n = 7 साठी ०.००१६. पुढचे आकडे इतक्या झपाट्याने लहान होतात की बेरीज ०.५ च्या जवळ जाऊन तिथेच थांबते. सम स्टेट्स खरोखरच सगळ्या शून्य असतील, तर उरलेली अर्धी संभाव्यता गेली कुठे?

आता ऊर्जा. नव्या बॉक्सची रुंदी दुप्पट, म्हणून तिथल्या ऊर्जा n²E1/4. लक्षात घ्या, n = 2 ची ऊर्जा बरोबर E1 येते. विषम स्टेट्सचा हिस्सा काढला तर n = 1 कडून ०.०९, n = 3 कडून ०.२९, n = 5 कडून ०.०५, आणि मग बारीक बारीक आकडे. ही बेरीज जरा रेंगाळत पुढे सरकते, पण तीही जाते ०.५ E1 कडेच. म्हणजे अर्धी संभाव्यता गायब आहे आणि अर्धी E1 ऊर्जा गायब आहे. संभाव्यता ½ आणि ऊर्जा E1 असलेली एकच स्टेट सापडली की दोन्ही हिशेब एकदम जुळतात. अशी स्टेट एकच आहे, n = 2. चूक आहे एवढंच या तपासणीने सांगितलं नाही, ती कुठे आहे तेही दाखवलं.

आता सूत्राकडे परत या. n = 2 टाकलं की अंशात sin π, म्हणजे शून्य. पण छेदात 4 − n² आहे, तोही शून्य! 0/0 ला शून्य म्हणून पुढे गेलो होतो. इंटिग्रल करताना (1 − n/2) ने भागलं होतं, आणि n = 2 साठी तो भागाकार चालतच नाही. n = 4, 6, 8 साठी छेद शून्य नाही, तिथे उत्तर खरंच शून्य आहे. चूक फक्त एका n ची, आणि प्रश्न नेमका त्याच n चा.

आता दुरुस्ती. बरेच जण इथे लोपितालचा नियम लावून c2 काढतात आणि «दुसऱ्या पद्धतीने तपासलं» असं म्हणतात. उत्तर बरोबर येतं, पण मी तिला दुसरी पद्धत म्हणणार नाही. सूत्र तेच. त्यात वरचा 4√2 चुकून 2√2 लिहिला गेला असता, तर लोपितालने तीच चूक इमानेइतबारे पुढे नेली असती. दुसरी पद्धत संशयाच्या पायरीला स्पर्श न करता उत्तरापर्यंत पोचली पाहिजे.

अशी एक वाट इथे आहे आणि तिच्यात इंटिग्रल करावंच लागत नाही. नव्या बॉक्सचा मध्य x = L वर आहे. तिथे आरसा ठेवला आहे असं समजा. सुरुवातीचं फंक्शन फक्त डाव्या अर्ध्यात आहे. डावीकडे जी कमान आहे तिचंच प्रतिबिंब उजवीकडे सरळ काढलं तर एक सममित आकार मिळतो, आणि उलटं, म्हणजे उणे चिन्हाने काढलं तर विषमसममित आकार. या दोघांची बेरीज केली की उजवीकडचा भाग कटून जातो आणि मूळ फंक्शन मिळतं. दोन्ही आकार नॉर्मलाइझ केले तर ψ मध्ये दोघांचा गुणक 1/√2 येतो, म्हणजे प्रत्येकाकडे अर्धी संभाव्यता.

आता तो विषमसममित आकार कागदावर काढून बघा. डावीकडे वर जाणारी एक कमान, उजवीकडे तशीच खाली जाणारी. ही तर 0 ते 2L मधली साइनची एक पूर्ण लाट, म्हणजेच φ2! त्यामुळे n = 2 ची संभाव्यता ½, बाकीच्या सम स्टेट्सना काहीच नाही, आणि उरलेली अर्धी विषम n मध्ये वाटलेली. बेरीज ०.५ वरच का अडली होती तेही इथेच कळतं.

हवं असेल तर कॉम्प्युटरवरही बघता येतं. फक्त त्यात वरचं तयार सूत्र भरू नका, मूळ इंटिग्रल भरा. इथे u = πx/L घेतलं आहे.

```python
import numpy as np
N = 100000
u = (np.arange(N) + 0.5) * np.pi / N
for n in range(1, 8):
    f = np.sin(u) * np.sin(n * u / 2)
    c = np.sqrt(2) / np.pi * f.sum() * np.pi / N
    print(n, round(c**2, 4))
```

n = 2 समोर 0.5 दिसेल, n = 4 आणि 6 समोर शून्य.

मला बरेच दिवस एक गोष्ट खटकत होती. नोट्स लिहिणाऱ्याला «सम स्टेट्स शून्य» यात काहीच वावगं का वाटलं नसेल? माझा अंदाज असा आहे की त्याच्या डोक्यात शेजारचा प्रश्न होता. त्यात दोन्ही भिंती सारख्याच अंतराने सरकतात आणि बॉक्स मध्यातून दोन्हीकडे रुंद होतो. तिथे सुरुवातीचं फंक्शनच मध्याभोवती सममित असतं, म्हणून n = 2 ची संभाव्यता खरोखर शून्य येते. ग्राउंड स्टेटची मात्र 64/9π², म्हणजे ०.७२, आपल्या प्रश्नातल्या ०.३६ च्या बरोबर दुप्पट. जुन्या पेपरांत हे दोन्ही प्रकार दिसतात आणि वाक्यात फरक असतो दोन-तीन शब्दांचा. म्हणून सोडवलेलं उत्तर तपासताना आधी बघा, ते याच प्रश्नाचं आहे ना.

तपासणी करतानाही फसायला होतं, त्याचं एक उदाहरण याच प्रश्नात आहे. सरासरी ऊर्जा जुळली म्हणून मी उत्साहात ऊर्जेच्या वर्गाची सरासरीही काढायला बसलो. सरळ विचार केला तर ती E1² यायला हवी. पण बेरीज थांबेचना. दूरच्या प्रत्येक विषम स्टेटचा हिस्सा साधारण ०.२ E1² वर स्थिरावतो, म्हणजे बेरीज अनंत. रात्रभर मला वाटत होतं की ½ हे उत्तरही चुकलं. चूक माझ्या अपेक्षेत होती. x = L वर फंक्शनचा उतार एकदम तुटतो, तिथे दुसरं डेरिव्हेटिव्ह नीट अस्तित्वातच नाही, आणि «सरळ विचार» करताना मी तो कोपरा सोडून दिला होता. नव्या बॉक्समध्ये ती सरासरी खरंच अनंत आहे. तेव्हा एखादी तपासणी जुळली नाही तर उत्तर खोडण्याआधी ती तपासणी या फंक्शनला लागू होते का, हे बघावं लागतं. पहिल्या दोन तपासण्यांना उताराच्या तुटण्याने काही फरक पडत नाही, म्हणून त्या इथे चालल्या.

स्वतः करून बघण्यासाठी: बॉक्स 2L ऐवजी अचानक 3L रुंद झाला असं घ्या, एकच भिंत सरकवून. इथे आरशाची युक्ती चालणार नाही, कारण जुना बॉक्स नव्याचा अर्धा भाग नाही. 0/0 कुठल्या n ला येतो ते आधी शोधा, त्या n साठी इंटिग्रल नव्याने करा, आणि मग संभाव्यतांची बेरीज लावा. त्या एका स्टेटकडे १/३ आला आणि बाकीच्यांची बेरीज २/३ कडे गेली, तर तुमचं बरोबर आहे.