भाषा आणि बोली यांतील सीमारेषा: कोकणीचे उदाहरण

एखादी वाणी 'भाषा' की 'बोली' हे केवळ व्याकरण व शब्दसंग्रह यांवरून ठरविता येत नाही. कोकणी-मराठी वाद हे याचे ठळक उदाहरण होय.

तेरेखोल नदीच्या उत्तरेस सिंधुदुर्गात मालवणी, तर दक्षिणेस पेडण्यात कोकणी बोलली जाते. प्रमाण मराठीतील 'घोडा' दोन्ही तीरांवर 'घोडो' होतो आणि 'कुठे'साठी दोन्हीकडे 'खंय' ऐकू येते. तरीही मालवणी ही महाराष्ट्रात सामान्यतः मराठीची बोली समजली जाते. २००१ च्या जनगणनेत मात्र ती कोकणीखाली नोंदली गेली. बोलणारे तेच, वर्गीकरण करणारे निराळे.

गोवामुक्तीनंतर या प्रश्नाला राजकीय धार आली. कोकणी ही मराठीची बोली ठरल्यास गोव्याच्या महाराष्ट्रातील विलीनीकरणाला भाषिक आधार मिळत होता. ती स्वतंत्र ठरल्यास तो आधार नाहीसा होत होता. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरण फेटाळले गेले. पुढे साहित्य अकादमीची मान्यता (१९७५), राजभाषा कायदा (१९८७) आणि आठव्या अनुसूचीतील समावेश (१९९२) असे टप्पे आले. या काळात कोकणीचे व्याकरण बदलले नव्हते. बदलला तो तिचा दर्जा.

राजभाषा कायद्यातील 'कोकणी' म्हणजे देवनागरी लिपीतील कोकणी. त्यामुळे रोमी लिपीत लिहिणाऱ्यांचा, विशेषतः ख्रिस्ती समाजाचा, समान मान्यतेचा आग्रह कायम राहिला.