तीन वाट्या, नऊ आकडे

ताटात तीन वाट्या ओळीने ठेवल्या आहेत. त्या सहा तऱ्हांनी हलवता येतात. काहीच न हलवणे ही एक तऱ्हा. एक वाटी जागची न हलवता उरलेल्या दोघींची अदलाबदल करणे, अशा तीन. आणि तिघींनाही एकेक घर पुढे किंवा मागे सरकवणे (टोकाची वाटी फिरून दुसऱ्या टोकाला), अशा दोन. या सहा क्रियांच्या गटाला S₃ म्हणतात.

आता समोर बसलेल्याच्या नजरेने पाहा. आपली पहिली जागा ही त्याची तिसरी. आपण पहिली-दुसरी बदलली, तर त्याच्या लेखी दुसरी-तिसरी बदलली. आपण पुढे सरकवले ते त्याला मागे सरकवल्यासारखे दिसते. जागांचे नंबर कसेही बदला, अदलाबदल ही अदलाबदलच राहते आणि चक्र हे चक्रच. नंबर बदलून एकमेकींत मिसळणाऱ्या क्रियांचा मिळून एक संयुग्मी वर्ग होतो. इथे असे तीन वर्ग आहेत, १, ३ आणि २ क्रियांचे.

प्रत्येक क्रियेला एक मॅट्रिक्स देता येतो. त्याच्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे त्या क्रियेचे कॅरेक्टर. एका वर्गातल्या सगळ्या क्रियांचे कॅरेक्टर सारखेच येते, म्हणून वर्गामागे एकच रकाना पुरतो. ओळी त्या मॅट्रिक्स-रूपांच्या, ज्यांचे आणखी तुकडे पडत नाहीत. अशी रूपे वर्गांइतकीच असतात. म्हणजे तीन ओळी, तीन रकाने. शिवाय रूपांच्या मितींच्या वर्गांची बेरीज गटातल्या क्रियांइतकी, इथे ६, भरावी लागते. हिशेब एकाच प्रकारे जमतो: १ + १ + ४.

पहिल्या ओळीत सगळे १. दुसरी ओळ सम-विषमाची: अदलाबदलीला −१, आणि चक्र म्हणजे लागोपाठ दोन अदलाबदली, म्हणून त्याला १. तिसरी ओळ २, a, b. ती आधीच्या दोन्ही ओळींशी लंब असायला हवी. गुणाकार करताना प्रत्येक रकान्याला त्याच्या वर्गाच्या संख्येचे वजन द्यायचे:

२ + ३a + २b = ०
२ − ३a + २b = ०

बेरीज केली की b = −१, मग a = ०.

| | स्थिर | अदलाबदल | चक्र |
|---|---|---|---|
| पहिली | १ | १ | १ |
| दुसरी | १ | −१ | १ |
| तिसरी | २ | ० | −१ |

विद्यार्थी हमखास घसरतात ते वजनांपाशी. वजने विसरली तर b = −२ येतो आणि वरवर सगळे ठीक दिसते. चूक पकडायची तर ओळीतल्या आकड्यांचे वर्ग वजनासह मिळवा; उत्तर ६ हवे. बरोबर ओळीचे ४ + ० + २ = ६ येतात, चुकीचीचे ४ + ० + ८ = १२.

तिसरी ओळ डोळ्यांनीही दिसते. समभुज त्रिकोण १२० अंशांत फिरवला तर मॅट्रिक्सच्या कर्णाची बेरीज −१ येते. आरशासारखा उलटला तर एक दिशा तशीच राहते, दुसरी उलटते, आणि बेरीज शून्य.

फ्रोबेनियसने १८९६ मध्ये कॅरेक्टरांचा सिद्धांत उभा केला, तो डेडेकिंडने पत्रातून घातलेल्या एका कोड्यापायी. गटावरून सहा चलांचा एक निर्धारक मांडायचा आणि त्याचे अवयव पाडायचे, असे ते कोडे. S₃ साठी दोन एकघाती अवयव निघतात आणि एक द्विघाती, जो दोनदा येतो.