दोन पट्ट्यांचं उत्तर

समजा, दहा दिवसांचं किमान तापमान ओळीनं लिहून ठेवलं आहे: 14, 12, 13, 9, 11, 8, 10, 15, 13, 12. कुणी विचारलं, ‘दुसऱ्या दिवसापासून सातव्यापर्यंत सर्वांत कमी किती?’ तर बोट फिरवत सहा आकडे पाहायचे आणि 8 सांगायचं. दहा आकड्यांना एवढं पुरतं. पण आकडे दहा लाख असले आणि असे प्रश्नही लाखोंनी येत असले, तर दर वेळी बोट फिरवणं परवडत नाही.

मग सगळी उत्तरं आधीच काढून ठेवली तर? कुठून सुरू आणि कुठं संपणार, अशा जोड्या दहा लाख आकड्यांत सुमारे पन्नास हजार कोटी होतात. एवढं ठेवायचं कुठं?

स्पार्स टेबल म्हणजे विरळ तक्ता यातून वाट काढतो. तो सगळ्या लांबींची उत्तरं साठवतच नाही. फक्त 1, 2, 4, 8 अशा दुपटीनं वाढणाऱ्या लांबींच्या पट्ट्या घेतो, आणि प्रत्येक दिवसापासून सुरू होणाऱ्या पट्टीतला सर्वांत लहान आकडा लिहून ठेवतो.

पहिल्या ओळीत मूळ आकडेच असतात. दोन-दोन दिवसांच्या ओळीत शेजारच्या जोडीतला लहान आकडा: 12, 12, 9, 9, 8, 8, 10, 13, 12. चार दिवसांच्या ओळीसाठी मूळ आकड्यांकडे परत जायची गरज नाही. दुसऱ्या दिवसापासूनची चार दिवसांची पट्टी म्हणजे दोन दिवसांच्या दोन पट्ट्या, एक दुसऱ्यापासून आणि एक चौथ्यापासून. त्यांची उत्तरं 12 आणि 9, म्हणून इथं 9. ती ओळ अशी होते: 9, 9, 8, 8, 8, 8, 10. आठ दिवसांच्या ओळीत तीनच घरं, तिन्हींत 8. एकूण 29 घरं झाली. दहा लाख आकड्यांना अशा वीस ओळी पुरतात. एका आकड्याला चार बाइट धरले तर साधारण 80 मेगाबाइट. साध्या लॅपटॉपला हे झेपतं.

आता मघाचा प्रश्न, दुसरा ते सातवा दिवस. लांबी सहा, आणि सहा दिवसांची ओळ आपल्याकडे नाही. सहात बसणारी सर्वांत मोठी पट्टी चारची. एक पट्टी डावीकडून लावायची: दुसरा ते पाचवा, उत्तर 9. दुसरी उजव्या टोकाला टेकवून: चौथा ते सातवा, उत्तर 8. दोन्हींत लहान 8. झालं. पट्टी नेहमीच निम्म्याहून जास्त भाग झाकते, त्यामुळे मध्ये फट राहत नाही. पट्टा सहाचा असो की सहा लाखांचा, दोन घरं बघायची आणि एक तुलना करायची.

चौथा आणि पाचवा दिवस दोन्ही पट्ट्यांत आले, हे लक्षात आलं असेल. मला तर सगळी गंमत याच निष्काळजीपणात दिसते. तोच आकडा दोनदा पाहिला तरी सर्वांत लहान आकडा बदलत नाही, म्हणून पट्ट्या एकमेकींवर चढल्या तरी चालतं. बेरजेला हे चालणार नाही. त्याच दोन पट्ट्यांच्या बेरजा 45 आणि 38, मिळून 83. खरी बेरीज 63. वरचे वीस म्हणजे दोनदा मोजलेले 9 आणि 11. म्हणून किमान, कमाल किंवा मसावि यांसाठी ही युक्ती चालते, बेरजेसाठी नाही.

पायथनमध्ये, मोजणी शून्यापासून धरून, प्रश्नाचं उत्तर इतकंच:

```python
def kiman(l, r):
    k = (r - l + 1).bit_length() - 1
    return min(t[k][l], t[k][r - (1 << k) + 1])
```

शेवटचा `+ 1` हमखास विसरला जातो. मग उजवी पट्टी एक घर डावीकडे सरकते आणि शेवटचा दिवस सुटतो. बहुतेक प्रश्नांना उत्तर तरीही बरोबर येत राहतं, म्हणून चूक दडून बसते. ती पकडायची तर एकाच दिवसाचा पट्टा विचारून पाहावा, आणि तोही असा दिवस निवडावा ज्याचा आदला दिवस अधिक थंड होता. सातव्या दिवसाला 10 ऐवजी 8 आलं, की समजावं. `k` काढायला दशांशांतला लॉगॅरिदम वापरू नये; दोनच्या नेमक्या घातापाशी तो केसभर घसरला की ओळ चुकते. `bit_length` पूर्णांकांतच मोजतं.

खरी अडचण वेगळीच आहे. सहाव्या दिवसाची नोंद चुकीची निघाली, 8 नव्हे 16 होते, तर 29 पैकी 10 घरं पुन्हा तपासावी लागतात, कारण तो दिवस तितक्या पट्ट्यांत आहे. आकडे सतत बदलत असतील तर सेगमेंट ट्री घ्यावा. तिथं उत्तराला थोडा जास्त वेळ लागतो, पण एक आकडा बदलला तर मोजक्याच गाठी दुरुस्त कराव्या लागतात. जुन्या, मिटलेल्या नोंदींना मात्र हा तक्ता एकदा मांडला की पुन्हा हात लावावा लागत नाही.